कोळसा पडून राहिला होता

आपण दिलेल्या सूचनेने लेखाचं भलं झालं की वाटोळं, हे पुढच्या खर्ड्यात सहसा कळत नाही. पुढचा खर्डा जवळजवळ नेहमीच आधीच्यापेक्षा बरा वाटतो, कारण आपण जे सांगितलं तेच त्यात केलेलं असतं आणि आपलंच म्हणणं वाचताना आपण खूश असतो. काय हरवलं ते तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात कळतं, आणि तेही पहिला खर्डा कोणी रद्दीत घातला नसेल तर.

माझ्यापुढे चार खर्डे होते. दोनशे पानी वहीत निळ्या शाईने लिहिलेले, एकाखाली एक, तारखांसह. लिहिणारे काका वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागातून निवृत्त झालेले. खापरखेड्यात असा माणूस शोधावा लागत नाही. सावनेर तालुक्यातल्या या गावाच्या एका अंगाला कोळशाच्या खाणी आणि दुसऱ्या अंगाला २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे संच, शिवाय थोड्या अंतरावर कोराडी. काका कोणत्या केंद्रात होते ते मी लिहीत नाही, त्यांनीही लेखात लिहिलेलं नाही. निवृत्त मंडळींच्या एका पुस्तिकेसाठी प्रत्येकाने नोकरीतली एक आठवण लिहून द्यायची होती. काकांनी लिहिली, चार जणांनी वाचली, चौघांनी सूचना केल्या, आणि चौथा खर्डा घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, सगळे म्हणतात आता मस्त झाला. मले मात्र वाचाले लाज वाटून राहिली."

आठवण एका पावसाळी रात्रपाळीची होती. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याची, ज्याला तिथे सगळे बेल्टच म्हणतात, त्याची दोरी काकांनी ओढली, बेल्ट थांबला आणि खाली बसलेला एक कंत्राटी सफाई कामगार वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांना नारळ दिला गेला. चौथा खर्डा वाचून कोणीही म्हणेल की ही एका धाडसाची गोष्ट आहे. सरळ, वेगवान, शेवटी डोळ्यांत पाणी आणणारी. मला लाज वाटण्यासारखं त्यात काही दिसेना. मग मी वहीची पानं उलटी उलटी मागे नेली आणि पहिला खर्डा वाचला.

पहिल्या खर्ड्यातला मधला भाग असा होता:

"बेल्टखाली कोळसा पडून राहिला होता. मी दोरी ओढली. बेल्ट थांबला. मग दिसलं का खाली माणूस बसून राहिला होता. लॉगबुकात मी लिहिलं, कोळसा सांडत असल्यामुळे बेल्ट थांबवला. नारळ घेतला. पण तो नारळ माझा नव्हता."

आणि चौथ्या खर्ड्यात त्याच जागी हे होतं:

"बेल्टखाली कोळशाचे ढीग साचलेले होते. त्या अंधारात कोणीतरी हलल्यासारखं वाटलं. काळजात चर्र झालं. क्षणाचाही विलंब न लावता मी दोरी ओढली. एका माणसाचा जीव वाचला होता!"

या दोन परिच्छेदांत घडलेल्या गोष्टी त्याच आहेत. कोळसा, दोरी, माणूस, थांबलेला बेल्ट. तरी पहिला परिच्छेद म्हणतो की मी त्याला वाचवलं नाही, आणि दुसरा म्हणतो की मी वाचवलं. काकांनी लेख लिहिला तोच मुळी पहिलं म्हणण्यासाठी. कितीतरी वर्षं लोक त्यांना 'माणूस वाचवणारे' म्हणत आले होते, आणि एकदा तरी कागदावर खरं काय ते लिहावं एवढीच त्यांची इच्छा होती. चार सुजाण, चांगल्या मनाच्या वाचकांनी मिळून त्यांच्याकडून नेमकं तेच लिहून घेतलं जे खोडायला ते बसले होते.

हे कसं झालं ते शोधायला मी खर्डे क्रमाने लावले नाहीत. चौथा तिसऱ्याशी, तिसरा दुसऱ्याशी असा ताडून पाहिला तर दर वेळी फरक लहान आणि समजण्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक खर्डा पहिल्याशीच ताडला. समासात पेन्सिलीने केलेल्या सूचना होत्याच, त्यामुळे कोणतं वाक्य कोणाच्या बोलण्याने हललं ते दिसत गेलं.

पहिल्या वाचकाने फक्त भाषा तपासली होती. 'पडून राहिला होता' याच्याखाली रेघ, आणि वर 'साचला होता'. हे वाचक आयुष्यभर मराठी शिकवलेले, प्रमाण भाषेचे पक्के. प्रमाण मराठीत 'पडून राहणे' म्हणजे कोणी न उचलल्यामुळे तिथेच असणे. पुस्तक कपाटात पडून राहिलं, अर्ज टेबलावर पडून राहिला. त्या हिशोबाने 'कोळसा पडून राहिला होता' म्हणजे खाली बराच कोळसा होता, कोणी उचलला नव्हता, आणि त्याला 'साचला होता' हे नेटकं वाक्य झालं. पण आमच्या नागपुरी बोलीत 'करून राहिला' म्हणजे करतो आहे. 'येऊन राहिलो' म्हणजे येतोच आहे, घरी येऊन तिथे मुक्काम ठोकला असं नव्हे. काकांच्या वाक्याचा अर्थ होता, कोळसा पडत होता. त्या घडीला, डोळ्यांसमोर, वरून खाली.

एका क्रियापदाच्या दुरुस्तीने काय बिघडलं ते समजायला बेल्टबद्दल थोडं सांगावं लागेल. रबराचा तो रुंद पट्टा रोलरांवरून धावत असतो. पावसाळ्यात कोळसा ओला असला की त्याचा चिखल रोलरांना चिकटतो, रोलरचा घेर एका बाजूला वाढतो आणि पट्टा हळूहळू एका अंगाला सरकतो. सरकला की कडेवरून कोळसा खाली सांडू लागतो. तसाच चालू ठेवला तर पट्ट्याची कड लोखंडी सांगाड्याला घासते, फाटते, आणि मग तासाभराचं काम दिवसांवर जातं. बेल्टच्या कडेने चालायची वाट असते आणि त्या वाटेला लागून पूर्ण लांबीभर एक दोरी ताणलेली असते. कुठूनही ओढली की बेल्ट बंद. त्याच्या मागचे, त्याच्यावर कोळसा टाकणारे बेल्टही आपोआप थांबतात, नाहीतर कोळशाचा डोंगर होईल. ज्या ठिकाणचा स्विच पडला तिथे जाऊन तो हाताने परत लावल्याशिवाय बेल्ट सुरू होत नाही. २१० मेगावॅटचा एक संच तासाला शंभर टनांहून जास्त कोळसा खातो. बंकरमध्ये काही तासांचा साठा असतो म्हणून संच लगेच बंद पडत नाही, पण दोरी का ओढली याचं कारण ओढणाऱ्याला लॉगबुकात लिहावंच लागतं. उगाच कोणी ओढत नाही.

म्हणजे कोळसा पडत असेल तर दोरी ओढणं हे रोजचं काम आहे. त्यासाठी धाडस लागत नाही. कोळसा नुसता साचलेला असेल तर मात्र दोरी ओढायचं काही कारणच नाही, साचलेला कोळसा फावड्याने उचलतात. 'साचला होता' असं झाल्याबरोबर काकांच्या हाताखालचं कारण निघून गेलं आणि लेखात एक भोक पडलं.

दुसऱ्या वाचकाला ते भोक बरोबर दिसलं. हा कॉलेजात शिकणारा, नात्यातला मुलगा. त्याने समासात लिहिलं होतं, 'मग दोरी का ओढली? कारण कळत नाही.' प्रश्न अगदी योग्य होता. फक्त तो दुसऱ्या खर्ड्याला विचारलेला होता, आणि पहिला त्याने पाहिलाच नव्हता. काकांनी इमानदारीने उत्तर घातलं, 'काहीतरी ठीक नाही असं मनात आलं.' मला हे वाक्य फार बोलकं वाटतं. त्यांना खोटं लिहायचं नव्हतं. कोळसा सांडताना दिसला की मनात काहीतरी येतंच, त्यामुळे हे वाक्य खोटंही नव्हतं. पण ते मोकळं होतं, कशावरही बसेल असं, आणि अशा मोकळ्या वाक्यात पुढचा वाचक आपल्याला हवा तो अर्थ भरतो.

तिसऱ्या वाचकाने तो भरला. 'इथे ताण वाढवा. माणूस आधी दिसू द्या, मग दोरी.' त्याच पानावर लॉगबुकाच्या वाक्यावर काट आणि 'कोरडं' असा शेरा. त्या एका पानाने लेखाचा कणा मोडला. पहिल्या खर्ड्यात आधी दोरी, 'मग' माणूस. तिसऱ्यात आधी माणूस, 'म्हणून' दोरी. मराठीत कार्यकारण असं चिमूटभर शब्दांत बसलेलं असतं, आणि क्रम फिरवला की तो शब्द लिहिलाही लागत नाही, वाचणारा स्वतःच 'म्हणून' घालून घेतो. आणि जे वाक्य कोरडं म्हणून गेलं तेच काकांच्या बाजूचं एकमेव लेखी साक्षीदार होतं. त्या रात्री, नारळाच्या आधी, कौतुकाच्या आधी, त्यांनी स्वतःच्या हाताने कारण लिहिलं होतं, कोळसा सांडत असल्यामुळे.

चौथ्या वाचकाचं काम मग सोपं होतं. त्यांनी विचारलं की माणूस वाचवला तर नारळ तुमचा नव्हता असं कसं म्हणता, शेवट खटकतो. खरंच खटकत होता. तिसऱ्या खर्ड्याला तो शेवट शोभतच नव्हता. काकांनी तो काढला आणि उद्गारचिन्ह घातलं.

चारही सूचना पुन्हा वाचून पाहिल्या. त्यांतली एकही मूर्खपणाची नाही. प्रत्येक सूचना तिच्या समोरच्या खर्ड्यासाठी बरोबर होती, अपवाद म्हणायचा तर पहिली, आणि तीही भाषेच्या एका समजुतीपायी. अर्थ जो वाहून गेला तो कोणा एकाने वाहवला नाही. जो तो आपल्या हातात आलेला कागद हाच मूळ कागद समजून चालला.

काकांनी मध्येच हरकत का घेतली नाही, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अजी, शिकलेले माणसं आहेत ते. मले वाटलं, लिवनं म्हणजे असंच राहत असेल." हे उत्तर सूचना करणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवावं असं मला वाटतं. आपण 'माणूस आधी दिसू द्या' म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण एक पर्याय सुचवतोय. समोरच्याला तो हुकूम वाटतो, विशेषतः जेव्हा त्याचं आयुष्य शिफ्ट इंजिनिअरच्या सूचना पाळण्यात गेलेलं असतं. याउलट, 'इथे मी गोंधळलो' या वाक्यात हुकूम नाही. त्यात वाचकाचं काय झालं एवढंच आहे, आणि उपाय लिहिणाऱ्याच्या हाती राहतो. दुसऱ्या वाचकाची सूचना या जातीची होती, म्हणूनच तिने सगळ्यात कमी नुकसान केलं.

मराठीत याची मोठी परंपरा आहे. मौज आणि सत्यकथेचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकाकडून पुन्हा पुन्हा लिहून घेण्याबद्दल ओळखले जात. मात्र तिथे एकच संपादक, एकच लेखक आणि दोघांमध्ये चालू असलेलं एक बोलणं, म्हणजे पहिल्या खर्ड्याची आठवण संपादकाच्याही डोक्यात असे. आमच्यासारख्या ठिकाणी वही हातोहात फिरते. ज्याच्याकडे ती जाते त्याच्याकडे मागचं काहीच नसतं. आणि बोलीचं म्हणाल तर उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधले वऱ्हाडी संवाद मराठी वाचक १९६० पासून वाचत आला आहे. पण कादंबरीतल्या पात्राने बोललेली बोली आपण मान डोलवत वाचतो, आणि शेजारच्या काकांनी निवेदनात लिहिली की तिला चूक समजून हातात पेन्सिल घेतो.

तर पुढे काय केलं ते सांगते.

वही मिटून ठेवली आणि काकांना तोंडी विचारलं, "हे वाचून उठणाऱ्याने काय घेऊन उठावं?" ते लगेच म्हणाले, "मी त्याले वाचवलं नाही. मी बेल्ट वाचवला. तो माणूस वाचला." ही तीन वाक्यं त्यांच्याच शब्दांत एका कोऱ्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहिली. मग दुसरा प्रश्न विचारला, पहिल्या खर्ड्यातलं कोणतं वाक्य गेलं तर हा लेख तुमचा राहणार नाही? त्यांनी बोट ठेवलं ते लॉगबुकाच्या आणि नारळाच्या वाक्यावर. 'पडून राहिला' वर ठेवलं नाही. त्यांच्या मते त्यात ठेवण्यासारखं काही नव्हतंच, ते तर सरळ वाक्य होतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लिहिणाऱ्याला स्वतःची सगळी खांबं दिसत नाहीत. जी त्याला सहज वाटतात ती तो दाखवत नाही, म्हणून ती शोधायचं काम वाचणाऱ्याचं. मी तिसरं वाक्य म्हणून ते कागदावर घातलं आणि त्यांना विचारलं, हे चालेल का. ते हसले. "कोळसा पडून राहिला होता म्हणून तं दोरी ओढली ना, ताई."

मी सूचना केल्या त्या पहिल्या खर्ड्यावर. चौथा दुरुस्त करत बसले असते तर प्रत्येक वाक्याशी भांडावं लागलं असतं. तरी चौथ्यातलं सगळंच टाकाऊ नव्हतं. दोरी कुठून कुठे जाते, ओढल्यावर काय होतं, हे काकांनी तिसऱ्या वाचकाच्या आग्रहाने दोन ओळींत फार नीट लिहिलं होतं, आणि पहिल्यात ते अजिबात नव्हतं. त्या दोन ओळी उचलून बाजूला काढल्या. कागदावरच्या तीन वाक्यांना त्यांचा धक्का लागत नव्हता, एवढीच त्यांची परीक्षा.

सूचना तीनच केल्या. याहून जास्त मनात होत्या. शुद्धलेखन होतं, एक परिच्छेद दोनदा आला होता, सुरुवात लांबली होती. ते सगळं राहू दिलं. अर्थाचं काम चालू असताना शुद्धलेखनाच्या पन्नास खुणा केल्या की लिहिणारा खुणा पुसत बसतो, कारण ते सोपं असतं आणि पुसल्यावर काम झाल्यासारखं वाटतं.

पहिली सूचना अशी: बेल्ट न पाहिलेल्या माणसाला दोरी म्हणजे काय ते कळणार नाही, तो इथे थांबेल. दुसरी: 'पडून राहिला होता' हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोळसा पडत असलेला दिसला, पण पुण्याच्या माणसाला तो पडलेला दिसेल, आणि मग दोरीचं कारण त्याला सापडणार नाही. तिसरी: माणूस दिसला तो बेल्ट थांबल्यावर किती वेळाने आणि कसा, ते मला दिसलं नाही. तिन्हींत काय घडलं एवढंच सांगितलं. काय लिहा ते सांगितलं नाही. दुसरीच्या वेळी 'पडत होता' असं करा, हे माझ्या अगदी जिभेवर होतं.

काकांनी ते केलं नाही, आणि त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. क्रियापद त्यांनी तसंच ठेवलं. त्याच्या पुढे एक वाक्य घातलं: "खालच्या पत्र्यावर असा आवाज येऊन राहिला होता जसा टिनावर गारा." झालं. साचलेल्या कोळशाचा आवाज येत नाही. ज्याला बोली येत नाही त्यालाही आता तो पडताना ऐकू येतो, आणि ज्याला येते त्याला आपली भाषा आपल्या जागी सापडते. मी 'पडत होता' सांगितलं असतं तर अर्थ वाचला असता आणि गारा गेल्या असत्या.

तिसऱ्या सूचनेने मात्र वेगळंच झालं. माणूस कसा दिसला ते लिहिताना काकांनी एक पानभर मजकूर जास्त लिहून आणला. बेल्ट थांबल्यावर ते सांडलेला कोळसा पाहायला टॉर्च घेऊन खाली उतरले. शेवटच्या पुलीच्या जाळीमागे पावसापासून आडोसा म्हणून तो कामगार उकिडवा बसलेला होता, डोक्यावर रिकामं पोतं. पुढे त्यांनी लिहिलं होतं की नंतर कित्येक रात्री ते एकच हिशोब करत राहिले. तो तिथे आहे हे आधी कळलं असतं तर आपण दोरी ओढली असती की आधी त्याला हाक मारली असती? दोरी ओढली तरी भरलेला बेल्ट जागच्या जागी थांबत नाही, थोडा पुढे जातोच. हाक ऐकून तो घाबरून उठला असता आणि उठताना त्याचा हात पुलीपाशी गेला असता. "माहीत नव्हतं म्हणून बरोबर झालं," असं त्यांनी लिहिलं होतं.

इथे मी थबकले. हे कागदावरच्या तीन वाक्यांत नव्हतं. हाही अर्थ वाहून जाण्याचाच प्रकार होता का? लिहिता लिहिता लेखकाला नवं कळतं, ते थोपवलं तर पुनर्लेखन म्हणजे नुसती धुणीभांडी. आणि नवं म्हणून जे येतं ते सगळं घेतलं तर आपण पुन्हा चौथ्या खर्ड्याकडे निघालो. मी त्यांना विचारलं, "हे आता लिहिताना सुचलं, की मी विचारलं म्हणून घातलं?" ते म्हणाले, हे तर त्या आठवड्यापासून डोक्यात आहे, लिहिण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. शब्दांवर किती विसंबायचं ते आपल्यावर आहे, पण मला खात्री पटली ती पोत्याने. ते रिकामं पोतं, ते उकिडवं बसणं, ते जाळीमागे असणं, यातलं काहीही कोणत्याही सूचनेत नव्हतं. 'काळजात चर्र झालं' मात्र सूचनेतूनच आलं होतं, ते कोणाच्याही काळजात कधीही होऊ शकतं. वाचकाच्या समाधानासाठी घातलेला मजकूर असा सगळ्यांचा असतो, आणि स्वतःच्या आठवणीतून आलेल्या मजकुरात पोतं असतं. हा नियम पक्का नाही, कल्पक माणूस पोतंही रचू शकतो, पण काका त्यातले नव्हेत.

मग कागद बदलला. चौथं वाक्य घातलं, त्यांच्याच शब्दांत, "माहीत नव्हतं म्हणून बरोबर झालं." कागद बदलायला हरकत नसते. तो कोणाच्या नकळत बदलू नये, एवढंच.

शेवटी एक तपासणी उरली. पाचवा खर्डा मी अशा बाईंना वाचायला दिला ज्यांनी आधीचा एकही वाचला नव्हता आणि ज्यांचं माहेर-सासर दोन्ही सातारकडचं. त्यांना आवडला का, हे विचारलंच नाही. आवडला म्हणणारच होत्या, काका समोर चहा पीत होते. विचारलं ते दोनच प्रश्न. त्यांनी दोरी का ओढली? आणि नारळ कोणाचा? पहिल्याचं उत्तर आलं, "कोळसा सांडत होता म्हणून." दुसऱ्याला त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणाचाच नाही ना? तोच तर त्रास आहे त्यांना." काकांनी कप खाली ठेवला.

ही रीत सगळीकडे चालत नाही. ज्याला आपण काय म्हणतोय ते अजून माहीतच नाही, त्याला आधी तीन वाक्यं लिहायला लावली तर तो खोटी लिहील. अशा माणसाचे दोन-तीन खर्डे वाहू द्यावे लागतात, तो कुठे वळतो ते पाहावं लागतं. कवितेला तर मी असा कागद लावणारच नाही. आणि वेळ लागतो. काकांच्या सहा पानांना आमचे चार रविवार गेले, ज्यातला एक निव्वळ कागदावरच्या वाक्यांवर. पुस्तिकेसाठी अठरा लेख आले होते. बाकीच्या सतरांचं असं काही झालेलं नाही आणि त्यातले बरेचसे चांगलेच आहेत.

छपाईपूर्वीचं प्रूफ आलं तेव्हा 'पडून राहिला होता' भोवती पुन्हा कोणीतरी लाल गोल केला होता, बाजूला प्रश्नचिन्ह. काकांनी स्वतःच समासात लिहिलं, 'बरोबर आहे. पुढचं वाक्य वाचा.'